पहिले दहा लाख कसे होऊ देऊ नयेत

दर महिन्याला दहा हजार बाजूला टाकायला लागून तुम्हाला वर्ष होत आलं असेल, तर सोडून देण्याची हीच योग्य वेळ आहे. या कामात आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घराचा अनुभव दांडगा आहे, म्हणून चार शब्द सांगतो.

आधी रोज शिल्लक बघायची सवय लावा. हिशोब सोपा जावा म्हणून महिन्याला एक टक्का परतावा धरू. एवढा खात्रीने कुणी देत नाही, आणि देतो म्हणणारा भेटलाच तर पाकीट सांभाळा. पहिल्या महिन्याच्या शेवटी दहा हजार भरले की पुढच्या महिन्यात त्यावर मिळतात शंभर रुपये. वर्षाच्या शेवटी जमतात १,२६,८२५. त्यातले १,२०,००० तुम्हीच घातलेले. म्हणजे वर्षभर सराफ्यातल्या तळलेल्या गराडूकडे पाठ फिरवली, त्याचं बक्षीस ६,८२५! आता सात्त्विक संताप येऊ द्या.

या गतीने पहिले दहा लाख व्हायला ७० महिने लागतात, पावणेसहा वर्षांहून जास्त. त्यातले सात लाख तुमच्या खिशातले. हा आकडा घरात सगळ्यांना ऐकवा. पुढचे मात्र चुकूनही ऐकवू नका, कारण दुसरे दहा लाख ४१ महिन्यांत होतात, तिसरे २९, चौथे २२ आणि पाचवे १९ महिन्यांत. हप्ता तोच, दहा हजारांचा. गंमत एवढीच, की दहा लाखांवर महिन्याचा एक टक्का म्हणजे दहा हजार. त्या दिवसापासून तुमच्या जोडीला दुसरा एक कमावता येऊन बसतो, वीस लाखांवर तिसरा. पहिल्या दहा लाखांत बराच काळ गाडं तुम्ही एकटेच ओढत असता. ही गोष्ट कळली तर माणूस टिकून राहण्याचा धोका असतो.

दुसरा सल्ला: हप्ता वाढवण्याचा विचार मनात आणू नका, सगळी ताकद जास्त व्याजाच्या शोधात घालवा. रविवारी पोहे-जलेबीच्या गाडीवर उभं राहून ‘भिया, सध्या कशात टाकलंय?’ विचारत फिरा. महिन्याला अर्धा टक्का मिळाला, तर पहिले दहा लाख ८२ महिन्यांत होतात. परतावा दुप्पट करून दाखवलात, तर ७०. आणि परतावा अर्धाच टक्का ठेवून हप्ता फक्त बारा हजार केलात, तरीही ७०च! दोन हजार रुपयांत जे होतं, त्यासाठी तुम्ही दुप्पट परताव्याच्या मागे धावून मुद्दलही जोखमीत घालू शकता. सुरुवातीला रक्कमच एवढीशी असते, की तिच्यावरचा टक्का कितीही ताणला तरी फार काही हाती लागत नाही. टक्क्याची खरी किंमत पुढे, रक्कम फुगल्यावर कळते. पण तोवर आपण राहणार कुठे?

तिसरा उपाय माझा स्वतःचा, अनुभवसिद्ध. चाळिसाव्या महिन्यात खात्यात ४,८८,८६४ झाले. एवढी रक्कम नुसती पडून आहे हे मला बघवेना. गाडीसाठी दोन लाख काढले. काकूने विचारलं, ‘‘अरे, मोडतोस कशाला?’’ मी म्हटलं, ‘‘काकू, दोनच तर लाख! वीस हप्ते. भरून काढीन.’’

भरून काढले नाहीत, ते सोडा. पहिले दहा लाख ७० ऐवजी ८५ व्या महिन्यावर गेले. सव्वा वर्षाचाच तर प्रश्न, असं मी स्वतःला समजावलं. मग एका रात्री, झोप येत नसताना, पुढचा हिशोब केला. याच दराने, काही न काढता, एक कोटी २४१ व्या महिन्यात झाले असते. त्या महिन्यापर्यंत माझ्या दोन लाखांचे झाले असते १४ लाख ७८ हजार. काढताना खड्डा दोन लाखांचा दिसतो, पण तोही व्याजाने वाढत जातो.

कुणी म्हणेल, हे सगळं कागदावरचं. खरंच आहे. बाजार दर महिन्याला एक टक्का मोजून देत नाही, मधे दोन-तीन वर्षं नुसता आडवा पडून राहतो. कर आहेच. आणि महागाई वर्षाला सहा टक्के धरली, तर पंधरा वर्षांनंतरच्या पन्नास लाखांत आजच्या जेमतेम एकवीस लाखांएवढंच सामान येईल. सोडून द्यायला ही कारणं उत्तम आहेत, जपून ठेवा.

गाडी परवाच विकली. गिऱ्हाईक राजवाड्याच्या बाजूचा, घासाघीस करणारा. काकूने त्याला चहा दिला, आणि तो गेल्यावर शांतपणे विचारलं, ‘‘किती आले रे?’’

मी म्हटलं, ‘‘हप्त्यांत सांगू का?’’

‘‘सांग.’’

‘‘सात.’’