कॉल घेतला म्हणजे तोटा प्रीमियमएवढाच?

"फ्युचर शॉर्ट केलाय ना? मग वरचा स्वस्त कॉल घेऊन ठेव, भाऊ. शेअर कितीही उडाला तरी तोटा प्रीमियमएवढाच. आणि कॉल महाग वाटला तर स्टॉप लॉस आहेच."

जळगाव-धुळ्याकडच्या ट्रेडर मंडळींत हा सल्ला सध्या फार फिरतोय. कॉल घ्यावा, हे त्यात बरोबर आहे. पुढचं सगळं तपासावं लागेल.

आधी "प्रीमियमएवढाच". समजा शेअरचा फ्युचर ५०० वर शॉर्ट केला, म्हणजे भाव पडेल या अंदाजानं आधी विकला, लॉट १००० चा, आणि ५४० चा कॉल, म्हणजे ५४० ला शेअर घेण्याचा हक्क, ६ रुपयांना घेतला. ५०० ते ५४० हा टप्पा पूर्ण उघडा आहे, तिथला प्रत्येक रुपया आपल्या खिशातून जातो. म्हणून एक्स्पायरीला जास्तीत जास्त तोटा ४० अधिक ६, म्हणजे लॉटमागे ४६,००० रुपये, ६,००० नव्हे. ५१० चा कॉल १६ ला मिळत असेल तर हाच आकडा २६,००० वर येतो, पण मग शेअर ४८४ च्या खाली गेल्याशिवाय नफा सुरू होत नाही. कॉल स्वस्त असतो तो उघडा टप्पा मोठा असतो म्हणूनच.

"स्टॉप लॉस आहेच" हे तर स्क्वीझमध्ये, म्हणजे शॉर्ट केलेले सगळे एकदम परत घ्यायला धावतात तेव्हा, सर्वात आधी कोसळतं. ऑक्टोबर २००८ मध्ये पोर्शेनं फोक्सवॅगनमधला आपला प्रचंड वाटा रविवारी जाहीर केला आणि मंगळवारी शेअर हजार युरोंच्या वर गेला. बंद बाजारात आलेल्या बातमीनंतर भाव मधल्या पायऱ्या गाळून उघडतो. स्टॉप त्या उघडलेल्या भावावर लागतो. लिमिट घातलेली असेल तर लागतच नाही.

सगळ्यात घातक आहे ते "कितीही उडाला तरी". शेअर ७०० वर गेला तर फ्युचरचा दोन लाखांचा तोटा मार्क-टू-मार्केटनं रोजच्या रोज रोखीत वळता होतो. कॉलची किंमत १६० च्या आसपास जाते, पण तो विकेपर्यंत त्यातला रुपयाही खात्यात येत नाही. कापसाच्या हंगामात ज्यांचा पैसा जिनिंगमध्ये अडकलेला असतो, त्यांची इथेच कोंडी होते. पैसे भरले नाहीत तर ब्रोकर फ्युचर ७०० ला कापू शकतो आणि हातात नुसता कॉल उरतो. मग शेअर परत ५५० वर आला की तोही वितळतो, आणि ४६,००० ची मर्यादा मोडून तोटा लाख-दीड लाखांपलीकडे जातो. म्हणून रोख नसेल तर दोन्ही पाय एकाच वेळी सोडायचे: फ्युचर विकत घ्यायचा, कॉल विकायचा. शेअर ५४० च्या फार वर गेला की अशा खोल इन-द-मनी कॉलला खरेदीदार कमी असतात, तेव्हा मार्केट ऑर्डर न टाकता भाव लावून विकावा.

महिनाही जुळवा. फ्युचर पुढच्या महिन्याचा आणि कॉल या महिन्याचा असेल, तर एक्स्पायरीनंतर संरक्षण संपतं. शिवाय आपल्याकडे स्टॉक ऑप्शनमध्ये प्रत्यक्ष डिलिव्हरी असल्यामुळे इन-द-मनी राहिलेल्या ५४० च्या कॉलपोटी ५ लाख ४० हजार भरून शेअर उचलावे लागतात. दोन्ही एकाच महिन्याचे असतील तर डिलिव्हरीची देणी एकमेकांत वळती होतात.