मॅच झाला? मग गप्प का बसलात!

अभिनंदन! डेटिंग अ‍ॅपवर तुम्ही ज्याला उजवीकडे सरकवलं त्यानेही तुम्हाला उजवीकडे सरकवलं, स्क्रीनवर दोघांचे फोटो शेजारी शेजारी आले, आणि तुमच्या 'हाय'ला चक्क 'हाय' असं उत्तरही आलं. आता वाट कसली बघताय? उठा, सांगत सुटा. नव्या मॅचची बातमी कुणाला, कधी आणि किती सांगायची याबद्दल लोक उगाच डोकं शिणवतात. माझा या विषयातला अनुभव ताजा आहे, म्हणून चार शब्द सांगतो.

सगळ्यात आधी मुहूर्त. बातमी फोडायची उत्तम वेळ म्हणजे पहिल्या 'हाय'नंतर आणि दुसऱ्या मेसेजच्या आधी. या वेळेचा मोठा फायदा असा की सांगण्यासारखं तुमच्याकडे काहीच नसतं, त्यामुळे कल्पनेला पूर्ण वाव मिळतो. फोटो त्याचाच आहे का, तो व्हिडिओ कॉलवर यायला तयार आहे का, पुढच्या आठवड्यात तो बोलत तरी असेल का, असले रुक्ष प्रश्न तोपर्यंत पडलेले नसतात. उशीर केलात तर खरी माहिती हाती लागते आणि सांगण्यातली सगळी गंमत जाते.

लगेच एक टोपणनावही ठेवून द्या. 'कुत्रेवाला', 'चष्मेवाली', 'जिमवाला', काहीही चालेल. पुढे प्रकरण खरंच जमलं, तर मित्रांच्या तोंडून तेच नाव त्याच्यासमोर निघेल याची काळजी नियती घेते.

आता घरचे. आईला पहिल्याच आठवड्यात सांगावं, आणि 'सध्या फक्त बोलतोय' असं सांगावं. या तीन शब्दांचा अर्थ कुठल्याही आईला कळत नाही, म्हणून तर ते वापरायचे. तुमच्या लेखी दोन माणसं अजून एकमेकांना चाचपून बघतायत, दोघांच्याही फोनमध्ये इतर दोन-तीन संवाद चालू आहेत, आणि ते चालू आहेत हे दोघांनाही ठाऊक आहे. आईच्या लेखी मात्र 'मग पुढे काय ठरलं?' बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! नंतर एके दिवशी समोरून मेसेज यायचे बंद होतात. त्याचं कारण तुम्हालाच माहीत नसतं, पण ते घरात प्रत्येकाला वेगवेगळं समजावून सांगावं लागतं. तुमचं दुःख दोन दिवसांचं असतं. खुलासे दोन महिने चालतात. 'मग तूच काही बोललास का?' हा प्रश्न आत्या सहा महिन्यांनीही विचारू शकते.

भांडण झालं तर रात्रीच्या रात्री मैत्रिणीला सगळं सांगा. सकाळी समेट झाला की मात्र तो कळवायचा विसरा. असं चारदा केलं की तिच्याकडच्या वहीत त्या माणसाचे चार अपराध आणि शून्य चांगल्या गोष्टी जमतात. मग 'तुझ्या मित्रमैत्रिणींना मी आवडत नाही का?' असं त्याने विचारलं की आपण निरागस चेहरा करायचा.

आता माझा लाडका मुद्दा. स्क्रीनशॉट.

समोरच्याचा मेसेज आला की तो आधी ग्रुपवर टाकावा आणि 'याला काय रिप्लाय देऊ?' असं विचारावं. समोरच्याला वाटतं आपण एका व्यक्तीशी बोलतोय. प्रत्यक्षात त्याचं वाक्य एक समिती वाचत असते, त्यावर हसणारे चेहरे टाकत असते आणि उत्तराचा मसुदा मंजूर करत असते. व्हॉट्सअ‍ॅपवर चॅटचा स्क्रीनशॉट काढला तर समोरच्याला त्याची सूचना जात नाही. म्हणजे पकडले जायची भीती नाही. हवं तर वरचं नाव खोडा. फोटोचा गोल तसाच राहिला तरी कोण बघतंय!

कोण बघतंय ते मी सांगतो. मध्यंतरी एका मॅचशी माझं बरं जुळत होतं. एका रात्री बोलता बोलता मी तिला लिहिलं की माझी नोकरी गेली आहे, आणि दुसरी हातात येईपर्यंत मी घरी सांगणार नाही, कारण बाबांची तब्येत नुकती सावरते आहे. असं लिहायला मला बराच वेळ लागला होता. तिने ते वाचलं. काय उत्तर द्यावं ते तिला सुचलं नाही, हे मी समजू शकतो. म्हणून तिने ते मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलं. त्यातल्या एकीने ते आपल्या बहिणीला दाखवलं, का, तर 'बघ, हल्ली कसे कसे लोक भेटतात.' ती बहीण निघाली माझ्या ताईच्या ओळखीची. आणि मग मला ताईचा फोन आला. 'काय रे, नोकरी गेली म्हणे तुझी? बाबांना माहितीये का?'

म्हणजे माझ्या घरची बातमी माझ्या घरी माझ्याआधी पोचली. जिला मी अजून प्रत्यक्ष भेटलोही नव्हतो तिच्या, मी कधीच न पाहिलेल्या मैत्रिणीच्या बहिणीमार्फत. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, 'अरे, माझ्या खास मैत्रिणी आहेत त्या, त्यांच्यापासून मी काहीच लपवत नाही.' तू लपवू नकोस गं बाई! पण ते तुझं होतं का सांगायला? तुला आवडलो, नाही आवडलो, कंटाळवाणा वाटलो, भिकार विनोद करतो, सगळं सांग. ते तुझं मत आहे. नोकरी माझी गेली होती. तब्येत माझ्या बाबांची होती. वर सल्ला काय, तर 'डिलीट केलाय मी ग्रुपवरून, रिलॅक्स.' डिलीट केल्यावर ग्रुपवर 'हा मेसेज डिलीट केला आहे' अशी पाटी राहते. ज्यांच्या फोनमध्ये फोटो आपोआप गॅलरीत उतरतात, त्यांच्याकडे तो तरीही राहू शकतो. आणि बहिणीला फोन पुढे करून दाखवलेलं कुठल्या बटणाने डिलीट होतं?

असो. उपरोध चालू होता, नाही का? पुढचा सल्ला.

पहिल्यांदा भेटायला जाताना मात्र कुणालाही काही सांगू नका. त्याचा आवडता रंग, त्याची आधीची प्रेमप्रकरणं, त्याचा पगार, त्याच्या आईवडिलांचं पटतं की नाही, हे सगळं अख्ख्या ग्रुपला पाठ असू द्या. पण आज संध्याकाळी तुम्ही कुठे, कुणाबरोबर आणि किती वाजेपर्यंत असणार आहात, हे कुणालाही ठाऊक नसावं.

हे मी मनाने रचलेलं नाही. त्याच ग्रुपबद्दल मला नंतर कळलं. आमची भेट ठरली होती, तर माझ्या नोकरीचं पुराण सगळ्यांना माहीत होतं, आणि ती कुठे येणार होती ते एकीलाही नव्हतं. मी बरा माणूस निघालो हे तिचं नशीब.

म्हणून आता सरळच सांगतो. सांगण्याचे दोन प्रकार आहेत आणि तुम्ही त्यांची उलटापालट करता. एक असते खबर आणि एक असतो पत्ता. पत्ता लवकर द्यायचा, अगदी पहिल्या भेटीच्या आधी, पण एकाच माणसाला. खबर उशिरा द्यायची, आणि तीही निम्मी.

पत्ता म्हणजे काय? ज्याचा फोन चालू असतो आणि जो उगाच घाबरत नाही अशा एकाच मित्राला एक मेसेज. अ‍ॅपवरचं नाव, प्रोफाइलचा फोटो, फोन नंबर, भेटण्याचं ठिकाण, आणि किती ते किती. समजा सहाला भेटताय आणि आठपर्यंत निघायचा विचार आहे. मग लिहा, 'साडेआठला मी मेसेज करेन. नाही केला तर तू फोन कर. नऊपर्यंत फोनही उचलला नाही, तर या ठिकाणी ये किंवा पोलिसांना कळव.' लाइव्ह लोकेशन द्यायचं तर व्हॉट्सअ‍ॅपवर १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास असे तीनच पर्याय आहेत. दोन तासांच्या भेटीला १ तास निवडाल तर नेमकं हवं तेव्हा ते बंद पडेल. ८ तासांचं लावा आणि घरी पोचलात की स्वतः बंद करा. जागा बदलली तर आधी मेसेज, मग जागा बदला. फोनवर साधं वाटेल असं एखादं वाक्य आधी ठरवून ठेवा, ज्याचा अर्थ 'मला इथून बाहेर काढ' असा होईल. टिंडरने तर २०२४ मध्ये भेटीची वेळ, ठिकाण आणि समोरच्याचा फोटो एका लिंकने पाठवायची सोयच करून दिली. फोटोवाला मेसेज भेटीनंतर त्या मित्राला काढून टाकायला सांगा. यात नोकरी, आजार, जुनं प्रेम काहीही लागत नाही.

आणि खबर? मित्रांना सांगा दोन-तीन भेटी झाल्यावर. घरी सांगा, तुम्ही दोघं या नात्याला एकच नाव देता हे एकमेकांना विचारून झाल्यावर. विचारायचं कुणाला? समोरच्याला! 'मी घरी सांगतोय, चालेल का?' एवढं एक वाक्य. त्याच्या घरी अजून कुणाला माहीत नसेल, आणि तुमच्या घरातून ते फिरून तिकडे पोचलं, तर तुमचा आनंद त्याला महागात पडेल. सांगताना कसोटी एकच ठेवा. ज्याला सांगताय तो उद्या त्या माणसाच्या तोंडावर ते बोलला, तर चालेल का? तो काय काम करतो, तुम्ही कसे भेटलात, तुम्हाला तो का आवडला, हे चालेल. त्याचं कर्ज, त्याची औषधं, त्याचा मोडलेला संसार, रात्री एक वाजता त्याने लिहिलेलं काहीही, हे नाही चालणार. काय उत्तर द्यावं ते खरंच सुचत नसेल, तर मैत्रिणीला विचारा की, 'समोरच्याने फार खासगी काहीतरी सांगितलंय, मी काय म्हणू?' उत्तर तेच मिळेल. मजकूर दाखवावा लागत नाही. किंवा सरळ त्यालाच लिहा, 'काय बोलावं सुचत नाहीये, पण वाचलं मी.' मला तेवढं पुरलं असतं.

आणि हे काहीच जमणार नसेल, पोटात राहतच नसेल, तर निदान पहिल्या दिवशी समोरच्याला स्पष्ट लिहा की तू इथे जे बोलशील ते माझ्या ग्रुपमधले सगळे वाचतील. मग काय लिहायचं ते तो बघून घेईल.