हरवलेल्या लेकराची उलटतपासणी कायले घेता?

कोराडीच्या यात्रेतून आत्ताच आलो. डोकं अजून तापलेलं आहे. खेळण्यांच्या अन् बांगड्यांच्या दुकानांपाशी चार-पाच वर्षांची पोरगी रडत होती आणि भोवती मोठ्या माणसांचं कडं. "बापाचं नाव काय? कुठली तू? नंबर पाठ आहे का?" सगळे एकदम, तेही वरून! एका दादानं तर काखेत हात घालून तिला उंच धरलं, आईला दिसावी म्हणून. पोरगी किंचाळलीच.

अरे, आई सुटलेल्या लेकराला अनोळखी माणूस उचलतो, तेव्हा त्याला काय वाटत असेल?

तिला खाली ठेवायला लावलं. हातभर लांब, जरा बाजूला उकिडवा बसलो. तोवर तिला नुसत्या पिशव्या अन् गुडघेच दिसत होते, आता एक चेहरा दिसला. म्हटलं, "मी काका आहे. इथंच बसतो. आपण आईले शोधू." मग गप्प. "रडू नको" मुद्दाम नाही म्हटलं; ते दटावल्यासारखंच लागतं. "हरवली का?" हेही नाही. तिच्या हिशेबानं आई हरवली होती!

हुंदके कमी झाल्यावर एकच प्रश्न. घरी तुला काय म्हणतात? बऱ्याच वेळानं उत्तर आलं. मग दुसरा, आईची साडी कोणत्या रंगाची? "हिरवी." झालं की काम! बापाचं पूर्ण नाव विचाराल तर "पप्पा"च म्हणेल ना ते लेकरू.

लोक म्हणे, गेटवर न्या. कशाला? जिथं हात सुटला, तिथंच आई आधी धावत येते. आम्ही हललो नाही. एका पोराला पोलिसांच्या मंडपात पाठवलं. (पोलीस जवळ नसतील तर ११२ लावा, नाहीतर १०९८.) माईकवर एवढंच सांगायला लावलं की हिरव्या साडीतल्या ताईंनी बांगड्यांच्या दुकानाशी यावं. पोरीचं नाव माईकवर नाही. तेच ऐकून उद्या कोणीही "माझीच पोर" म्हणत येईल. आई आली, पोरगी तिला बिलगली, तरी हवालदार ताईंनी घरचं नाव विचारूनच सोडलं. बरं केलं.

हो, माहीत आहे. आजकाल परक्या लेकराजवळ बसलं की पोरं पळवणारा समजून लोक हात उचलतात. भीती खोटी नाही. म्हणूनच बांगडीवाल्या काकूंना आधीच हाक मारून जवळ बसवलं होतं. त्या माउलीनं धंदा सोडून साथ दिली. खरं सांगू, पोरगी माझ्याहून जास्त त्यांच्याच बोलण्यानं शांत झाली.

आणि त्या कड्यातला एक जण सगळा वेळ व्हिडिओ काढत होता. तुमच्या कोणाच्या ग्रुपवर आला तर पुढे ढकलू नका. पोरगी घरी पोचली आहे, आणि तिचा चेहरा त्यात स्पष्ट दिसतो.