टीडीआर असताना मरे लूप कशाला? एका कमेंटला उत्तर

"दादा, हातात टीडीआर असताना मरे लूप कोण लावतं आता? आणि पलीकडच्या टोकाला जो जंपर मारता त्याचा रेझिस्टन्स लेखात धरलाच नाहीत. आकडा चुकणार म्हणजे चुकणारच."

जमिनीखालच्या केबलमधला फॉल्ट शोधताना टीडीआर केबलमध्ये पल्स सोडून परत येणारा पल्स बघतो, तर मरे लूपमध्ये फॉल्टची कोर आणि एक चांगली कोर पलीकडच्या टोकाला जंपरने जोडून ब्रिजवर रेझिस्टन्सच्या रेशोवरून अंतर काढतात. जेसीबीने केबल कापली असेल तर टीडीआरच लावा, कोर तुटली की लूपच होत नाही. पण आपल्या कोकणात पावसात जॉइंटमध्ये पाणी शिरतं तेव्हा कोर शाबूत असते, इन्सुलेशन तेवढं गेलेलं असतं आणि अर्थशी पाच-पंधरा किलोओहम दिसतात. केबलचा सर्ज इम्पिडन्स 30 ओहम धरला तर 10 ओहमच्या फॉल्टवरून निम्म्याहून जास्त पल्स परत येतो, 15 किलोओहमवरून मात्र हजारातला जेमतेम एक भाग, तो स्क्रीनवर काय दिसणार कपाळ! मरे ब्रिजमध्ये हाच रेझिस्टन्स बॅटरीच्या वाटेत बसतो, बॅलन्सच्या हिशोबात येत नाही. करंट घटून काटा सुस्त होतो एवढंच, म्हणून हाय व्होल्टेज ब्रिज घ्यायचा.

आता जंपर. इथे तुमचा मुद्दा रास्त आहे, पण त्याला तोड आहे.

रत्नागिरीकडची खाडीलगतची एक 11 केव्ही केबल घ्या, 240 स्क्वेअर एमएम अ‍ॅल्युमिनियम, लांबी 820 मीटर. या कोरचा रेझिस्टन्स किलोमीटरला 0.125 ओहम, म्हणजे लगवर गंज चढलेला असेल आणि जंपरमध्ये 10 मिलिओहम राहिले तर ते 80 मीटर केबलएवढे झाले. लूप 1640 ऐवजी 1720 चा होतो आणि आपण मात्र 1640 नेच गुणतो. आमच्या टोकाकडून रेशो आला 0.224, म्हणजे 367 मीटर. लीड उलटसुलट करून बघितल्या तर 0.776, बेरीज बरोब्बर एक. बरेच जण इथेच खूश होऊन खणायला सांगतात, पण ही बेरीज जंपर कितीही वाईट असला तरी एकच येते, त्यातून जंपर पकडलाच जात नाही.

म्हणून ब्रिज उचलून पलीकडच्या टोकाला न्यायचा आणि तोच जंपर, तसाच घासून-आवळून, अलीकडे मारायचा. तिथून आलं 0.253, म्हणजे 415 मीटर. 367 आणि 415 मिळून 782, केबल तर 820 ची. हे 38 मीटर गेले कुठे, तर जंपरमध्ये. अशा वेळी 367 ला 782 ने भागायचं आणि 820 ने गुणायचं, 385 मीटर येतात, जंपर दोन्हीकडे सारखाच असल्याने हिशोबातून उडून जातो. दोन्ही वेळी तो सारखा बसला नाही तर मात्र हे गणित गंडतं, शिवाय मध्ये वेगळ्या साइजचा तुकडा जोडलेला असेल तर आधी त्याची लांबी रेझिस्टन्सच्या प्रमाणात बदलून घ्यावी लागते.

ड्रॉइंगवर जॉइंट 388 वर होता. थंपरने केबलमध्ये हाय व्होल्टेजचे झटके सोडून, फॉल्टवरचा धप्प आवाज ऐकून जागा पक्की केली आणि मगच जांभा फोडला, जॉइंटात पाणीच पाणी. 367 वर खणलं असतं तर धडधाकट केबल बघत बसलो असतो.