बिगारी बोटांचा हजेरीपट

चाळिशी उलटली की फोनच्या पडद्यावर शत्रू दिसत नाही, आपलाच अंगठा दिसतो. म्हणून खानापूरच्या भाच्याबरोबर बंदुकांचा खेळ खेळायचा तर कॉम्प्युटरवर, फोनचं सोंग आणणारा एम्युलेटर टाकून, असं मी ठरवलं. आमच्या वडगावात मागांच्या खडखडाटात गोळीबार कुणाला ऐकू येत नाही, हीही एक सोय.

अडचण एवढीच, की खेळ बोटांसाठी केलेला. कीबोर्ड आणि माऊस त्याच्या गावीही नाहीत. काचेवर अमुक जागी बोट टेकलं, सरकलं, उचललं, इतकंच त्याला कळतं. म्हणून एम्युलेटर प्रत्येक कळीमागे एक खोटं बोट उभं करतो आणि त्या बोटांना जागा आपण नेमून द्यायच्या. थोडक्यात, मी बिगारी बोटांचा मुकादम झालो.

पहिलं बोट चालण्याचं. डावीकडच्या गोलावर W, A, S, D चं चक्र ओढून बसवलं. W आणि D एकदम दाबलं की दोन बोटं टेकत असतील अशी माझी समजूत. पण बोट एकच असतं, ते तिरकं सरकतं. मी चक्र लहान ठेवलं होतं. बोट मधल्यामध्ये घुटमळायचं आणि माझा शिपाई वरातीतल्यासारखा चालायचा. चक्र मोठं केलं, तर बोट गोल ओलांडून वरच्या धावण्याच्या कुलपावर पोचलं. आता W सोडलं तरी गडी पळतोयच.

"मामा, कुठं निघालासा?" भाच्यानं हेडफोनमधून विचारलं. मलाच ठाऊक नव्हतं. शेवटी चक्राची कड गोलाच्या कडेला बरोबर भिडवली, तेव्हा तो माणसासारखा चालू लागला.

दुसरं बोट नजरेचं. माऊस हलवला की हे बोट उजव्या बाजूला काच घासत जातं आणि मान वळते. पण माऊस टेबलावर कितीही फिरवता येतो, काचेला मात्र कड आहे. कडेला पोचलं की एम्युलेटर बोट उचलतो आणि पुन्हा पहिल्या जागी टेकवतो. मागाचा धोटासुद्धा कडेला जाऊन परततो, पण तो निदान सूत घालत येतो. आणि मी ती पहिली जागा ठेवली होती नेमकी उडीच्या बटणावर. त्यामुळे जरा जास्त मान वळवली, की बोट पुन्हा टेकायचं आणि शिपाई टुणकन उडायचा.

"मामा, उड्या कशाला मारालासा?"

"बघालोय," मी म्हणालो. खरंच बघतच होतो. ते बोट मोकळ्या जागी नेल्यावर उड्या थांबल्या.

खरा घाम काढला तो नकाशानं. नकाशा मोठा करायचा तर दोन बोटं एकमेकांपासून लांब न्यावी लागतात. त्यासाठी एम्युलेटरमध्ये वेगळं झूम होतं. ते पडद्याच्या मध्यावर ठेवलं, कळ दाबली, आणि नकाशा मोठा व्हायचा सोडून वाकडा घसरत कोपऱ्यात गेला. असं आठ-दहा वेळा झालं.

मग हजेरी घ्यायचं ठरवलं. एम्युलेटरमधल्या अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये Build number वर सात वेळा टिचक्या मारल्या की डेव्हलपरांसाठीचा मेनू उघडतो. त्यात Pointer location चालू केलं. आता प्रत्येक खोट्या बोटाची रेघ पडद्यावर उमटते आणि वर डाव्या कोपऱ्यात बोटांची मोजदाद दिसते. नकाशा उघडून झूमची कळ दाबली. तिथं आलं P: 3 / 3.

बोलावले दोन, कामावर तीन! तिसरा कोण? तर नजरेचं बोट. नेम धरायच्या मोडमध्ये ते काचेवर टेकलेलंच राहतं, नकाशा उघडला तरी. खेळानं पहिली दोन बोटं धरली: एक हे जागचं न हलणारं, दुसरं झूमचं सरकणारं. मग नकाशा घसरणार नाही तर काय! आधी F1 दाबून नेमाचा मोड सोडला. आकडा P: 2 / 2 झाला आणि नकाशा मुकाट मोठा झाला. मी हिला हाक मारून तो आकडा दाखवला. "दोन आहे की," ती म्हणाली आणि कुकर बघायला गेली.

आता सगळं जमलं म्हणून ऐटीत खेळायला बसलो. धावायला Shift ठेवलं होतं, मागे वळून बघायला Alt. धावता धावता मागे बघितलं. विंडोजमध्ये Alt आणि Shift एकदम दाबलं की टाइप करायची भाषा बदलते आणि आमच्या कॉम्प्युटरवर सीमाभागाला शोभतील अशा तीन भाषा आहेत. शिपाई धावतच राहिला, त्यामुळे मला पत्ताच नाही. गटातल्या कुणीतरी विचारलं, पुलावर जायचं का? मी चॅटमध्ये ok टाइप केलं. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर o म्हणजे द, k म्हणजे क. पडद्यावर उमटलं "दक", तेही कन्नड अक्षरांत.

क्षणभर गोळीबार थांबला. मग गटातल्या एका अनोळखी गड्यानं कन्नडमध्ये लिहिलं, "यारु दक?"

दक कोण, ते भाच्यानं लगेच सांगून टाकलं. तेव्हापासून त्या गटात मी दक अण्णा.