आकडे हवेतून येत नाहीत : भारांशांवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

> "लेख वाचला. ब्रीफच्या चार-पाच ओळींतून तुम्ही काढलेले 25-20-40-15 हे भारांश सरळ हवेतून आले आहेत. शुद्धलेखनाला एकही गुण नाही. स्तरांची वर्णने म्हणजे 'उत्तम, बरे, वाईट' हेच लांबण लावून सांगणे. शिवाय 24 गुण दोन-दोन चौकटींत दिसतात! हा तक्ता करणाऱ्याने कधी वर्गाचा गठ्ठा तपासला असेल असे वाटत नाही."

नमस्कार. असाइनमेंटच्या ब्रीफवरून, म्हणजे विद्यार्थ्याला दिलेल्या लेखी सूचनेवरून, रुब्रिक म्हणजे निकष, स्तर आणि गुण यांचा तपासणीचा तक्ता कसा करावा यावर मी लेख लिहिला होता. प्रत्येक निकषाला शंभरातले किती गुण, म्हणजे भारांश, हेही त्यात होते. वरची प्रतिक्रिया त्याच लेखावरची.

तुमचे शेवटचे वाक्य आधी घेते, कारण तेच मनाला लागले. मी 16 वर्षे गठ्ठे तपासते आहे. रुब्रिक हा शब्द कानावरही आला नव्हता तेव्हापासून. मतभेद असू शकतो, चूकही जरूर दाखवावी. पण ज्या माणसाला आपण ओळखत नाही, त्याने ते काम कधी केलेच नसेल असे जाहीरपणे लिहून टाकणे याला मी टीका म्हणत नाही. तुमच्या लिहिण्यावरून तुम्ही स्वतः शिक्षक दिसता. विद्यार्थ्याच्या वहीवर असा शेरा तुम्ही लिहाल का?

24 ची चूक माझी, ती मान्य. 40 गुणांच्या ओळीत एका चौकटीत 16 ते 24 आणि पुढच्या चौकटीत 24 ते 32 असे छापले गेले. 24 गुण देताना परीक्षकाला स्तर कोणता हे कळायलाच हवे. दुरुस्ती शेवटी दिली आहे.

आता 'हवेतून'. हा एक शब्द लिहायला तुम्हाला क्षणभर लागला असेल. मला त्यावर सविस्तर लिहावे लागणार आहे, कारण पूर्ण तक्ता याच मुद्द्यावर उभा आहे. लेखातले ब्रीफ असे होते : "ग्रंथालयाने सायंकाळची वेळ दोन तासांनी वाढवावी की सुट्टीच्या दिवशीही उघडे राहावे? सोबतच्या वर्षभराच्या उपस्थितीच्या आकडेवारीच्या आधारे दोन्ही पर्यायांची तुलना करा. त्यांपैकी एकाची शिफारस करा व तिचे समर्थन करा. आकडेवारीच्या मर्यादा नोंदवा. शब्दमर्यादा 1500."

मी पहिल्यांदा यातली क्रियापदे अधोरेखित केली. आधार घेणे, तुलना करणे, शिफारस करून समर्थन करणे, मर्यादा नोंदवणे. हेच चार निकष झाले, आणि 25-20-40-15 हे भारांश याच क्रमाने त्यांचे. नव्याने रुब्रिक करणारे बहुतेकजण इथेच घसरतात. ते प्रस्तावना, मुख्य भाग, निष्कर्ष अशा ओळी पाडतात. हे कागदाचे भाग झाले, विद्यार्थ्याला सांगितलेली कामे नव्हेत. तशा तक्त्यात शिफारस 'निष्कर्ष' नावाच्या ओळीत कोपऱ्यात जाऊन बसते, आणि ज्या गोष्टीसाठी असाइनमेंट दिली तिला दहा-पंधरा गुण उरतात.

क्रियापदे मिळाली की त्यांच्यात कोण कोणासाठी आहे हे पाहायचे. आकडेवारी तुलनेसाठी लागते, तुलना शिफारशीसाठी. मर्यादा नोंदवायच्या त्या शिफारशीवर किती विसंबावे हे कळण्यासाठी. चारही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात. म्हणून सर्वांत जड ओळ शिफारस व समर्थनाची, हा क्रम माझा नाही, ब्रीफचा आहे. आकडेवारी तुलनेपेक्षा थोडी वर ठेवली, कारण चुकीच्या आकड्यांवर केलेली नीटनेटकी तुलना उपयोगाची नसते. मर्यादांना ब्रीफमध्ये एकच छोटे वाक्य आहे, म्हणून त्या शेवटी.

तुम्ही म्हणाल, क्रम ठीक, पण 40 च का? याचे उत्तर लेखात होते. ते तुम्ही ओलांडून पुढे गेलात, म्हणून पुन्हा मांडते. भारांश ठरवताना मी दोन काल्पनिक उत्तरपत्रिका समोर ठेवते. पहिल्या विद्यार्थ्याने आकडेवारी उत्कृष्ट वापरली आहे, आलेख काढले आहेत, मर्यादाही नेमक्या नोंदवल्या आहेत, पण शेवटी "दोन्ही पर्यायांचे फायदे-तोटे आहेत" म्हणून हात वर केले आहेत. दुसऱ्याची आकडेवारी जेमतेम, मर्यादा तोकड्या, पण त्याने एक पर्याय ठामपणे निवडला आहे आणि का निवडला हे आकड्यांकडे बोट दाखवून सांगितले आहे. ब्रीफ वाचून विचारायचे, यांतल्या कोणी सांगितलेले काम केले? दुसऱ्याने. तर मग तक्त्याची बेरीजही तेच बोलली पाहिजे.

आता टक्के घालून पाहा. पहिल्याला आकडेवारीत 96 टक्के, तुलनेत 72, शिफारशीत 20, मर्यादांत 84. दुसऱ्याला त्याच क्रमाने 56, 64, 88 आणि 40. चारही निकषांना सारखे 25 गुण दिले तर पहिल्याचे 68 होतात आणि दुसऱ्याचे 62. म्हणजे ज्याने शिफारस केलीच नाही तो पुढे. माझ्या 25-20-40-15 ने पहिल्याचे 59 होतात, दुसऱ्याचे 68.

मधले आकडेही मी तपासले होते. शिफारशीला 30 देऊन बाकीच्यांना 25, 25 आणि 20 दिले तर पहिला 64.8 आणि दुसरा 64.4, म्हणजे चुकीचा माणूस अजूनही किंचित पुढे. शिफारस 35 आणि मर्यादा 20 केल्या, आकडेवारी व तुलना माझ्याइतक्याच ठेवल्या, तर पहिला 62.2 आणि दुसरा 65.6. क्रम बरोबर येतो, पण अंतर थोडे. अशा वाटपात 35 च्या खाली जायला मी धजत नाही, म्हणून 40. वर 60 पर्यंतही गेले नाही, कारण समर्थन वाचताना आकडे पाहावेच लागतात. ती ओळ फार फुगवली तर आकडेवारीतल्या एकाच उणिवेसाठी विद्यार्थ्याचे दोनदा गुण जातात. 40 च्या ऐवजी 38 का नाही याला माझ्याकडे उत्तर नाही आणि ते लागतही नाही. पाचाच्या पटीत आकडे ठेवले की बेरीज करणाऱ्याचे चुकत नाही. पण 20 का नाही, 30 का नाही, याला नेमके उत्तर आहे. ज्या आकड्याला खालून आणि वरून अशी हद्द आहे, त्याला हवेतला म्हणणे हा अन्याय आहे.

तुम्ही खरोखर वर्मावर बोट ठेवले असते तर विचारले असते की, शिफारस न करणाऱ्याला तुमच्याही तक्त्यात 59 मिळतातच, त्याचे काय? हा प्रश्न मला पडतो. बेरजेच्या रुब्रिकची ही मूळ मर्यादा आहे. एका ओळीतली तूट दुसऱ्या ओळीतून भरून निघते. भारांश कितीही हलवले तरी ती पूर्ण बंद होत नाही. त्यावर उपाय तक्त्याखाली एक अट लिहिण्याचा : शिफारशीची ओळ सर्वांत खालच्या स्तरावर असेल तर एकूण गुण 45 च्या वर जाणार नाहीत. मात्र ही अट ब्रीफसोबतच विद्यार्थ्यांच्या हातात पडली पाहिजे. गठ्ठा तपासायला घेतल्यावर अशी अट घालणे मी कधी करणार नाही.

गठ्ठ्याचा विषय तुम्हीच काढलात, म्हणून एक अनुभव सांगते. सुरुवातीच्या काळात मी 'मांडणी'ला 30 आणि 'विश्लेषणा'ला 20 गुण ठेवले होते. मांडणी महत्त्वाची असे तेव्हा मनापासून वाटे. तपासून झाल्यावर पाहिले तर मांडणीत जवळपास सगळ्यांना 22 ते 25 च्या आसपास गुण, विश्लेषणात मात्र 5 पासून 18 पर्यंत. वर्गातला वर-खाली क्रम सगळा 20 च्या ओळीने ठरवला होता. कागदावर 30 ची ओळ जड होती, प्रत्यक्षात तिने कोणालाच कोणापासून वेगळे केले नव्हते. तेव्हापासून तपासणी संपली की मी प्रत्येक ओळीतला सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त गुण शेजारी लिहून ठेवते. जड म्हणून ठेवलेल्या ओळीत फैलाव दिसला नाही, तर एकतर तो निकष सगळ्यांना सारखाच जमला, किंवा त्या ओळीतली वर्णने इतकी गुळगुळीत आहेत की मी सगळ्यांना मधला स्तर देत सुटले. दुसरे कारण असेल तर वर्णने बदलावी लागतात. हे पेपर न तपासता कळत नाही, एवढे तुम्हीही मान्य कराल.

शुद्धलेखनावर वाद घालायची माझी इच्छा नाही. ब्रीफमध्ये भाषेबद्दल एक शब्द नाही. जे मागितले नाही त्याचे गुण कापायचे नाहीत, एवढेच. तुम्हाला हवे असेल तर ब्रीफमध्ये लिहा, मग तक्त्यात ओळ घाला.

स्तरांच्या वर्णनांबद्दल तुम्ही जे लिहिले आहे ते वाचून वर्णने तुम्ही वाचलीच नाहीत असे मला वाटते, आणि हे मी रागाने म्हणत असेन तर म्हणू द्या. शिफारशीच्या ओळीत 'उत्तम' किंवा 'बरे' हे शब्द कुठेही नाहीत. सर्वांत खाली : शिफारस नाही, किंवा कोणत्या पर्यायाची ते कळत नाही. त्यावर : शिफारस आहे, पण कारणे आकडेवारीशी न जोडलेली. त्यावर : कारणे आकडेवारीतून आलेली, पण नाकारलेल्या पर्यायाच्या बाजूने काय म्हणता येईल ते सोडून दिलेले. सर्वांत वर : तेही घेतलेले आणि तरी निवड का टिकते ते सांगितलेले. प्रत्येक पायरीवर काहीतरी नवे घडते. तपासणाऱ्याने 'किती चांगले' असे विचारायचे नाही, 'हे आहे का' असे विचारायचे. पास-नापासाची रेषा जिथे पडते ती दुसऱ्या स्तराची चौकट मी सर्वांत आधी लिहिते, कारण वाद तिथेच होतात.

दुरुस्त ओळ आता अशी : वर दिलेल्या चार स्तरांना खालून वर अनुक्रमे 0 ते 13, 14 ते 23, 24 ते 31 आणि 32 ते 40 गुण. कोणी जुना तक्ता उतरवून घेतला असेल तर त्यात ही ओळ बदलावी आणि 45 ची अट खाली जोडावी. बाकीच्या तीन ओळींतल्या चौकटी मी पुन्हा तपासल्या, तिथे कोणताही गुण दोनदा आलेला नाही.