मानेवर आलेला किडा चिरडू नका, फुंकून उडवा

रात्री दिव्याखाली बसलेलं असताना मानेवर काहीतरी वळवळतं, हात आपोआप जातो आणि आपण ते चोळून टाकतो. सकाळी काहीच दिसत नाही. संध्याकाळपर्यंत तिथे आग व्हायला लागते आणि चटका बसल्यासारखी लाल रेघ उमटते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच रेघेवर बारीक फोड येतात, मध्यभाग पिवळट-करडा पडतो. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, “काहीतरी मुतलं अंगावर,” नाहीतर “नागीण आहे.”

दोन्ही खरं नसतं. हा पेडेरस नावाचा भुंगेरा. जेमतेम सेंटीमीटरभर लांब, मुंगीसारखा सडपातळ. डोकं काळं, मधला भाग नारिंगी, पाठीवर निळसर चकाकीचे आखूड पंख. तो चावत नाही, डंखही मारत नाही. त्याच्या शरीरातल्या द्रवात पेडेरिन नावाचं विष असतं आणि किडा चिरडला की ते त्वचेवर पसरतं. आपलं बोट जिथून फिरलं, तिथेच रेघ उठते. कोपराच्या आतल्या घडीत चिरडला तर हात मिटल्यावर विष समोरच्या त्वचेलाही लागतं आणि एकमेकांसमोर दोन सारखेच डाग उठतात. हे दिसलं की निदान जवळजवळ नक्की समजा. नागिणीत बहुतेकदा आधी दोन-तीन दिवस दुखतं, आणि फोड घोसांनी, शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यात येतात.

किडा अंगावर दिसला तर फुंकून उडवा किंवा कागदावर चढवून बाजूला करा. चिरडला गेलाच, तर आग सुरू व्हायची वाट पाहू नका. लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने ती जागा धुवा, घासू नका. हातही धुवा, नाहीतर तेच बोट डोळ्याला लागतं. कपडे आणि उशीचा अभ्राही धुवायला टाका.

रेघ उठल्यावर गार पाण्यात भिजवलेलं स्वच्छ कापड दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा ठेवा. कॅलामाइनने बरं वाटतं. सौम्य स्टेरॉइड मलमाने सूज उतरते, पण ते डॉक्टरांना विचारून, आणि डोळ्यांजवळ तर मुळीच मनाने नाही. अ‍ॅलर्जीच्या गोळीने फारसं काही होत नाही, कारण हे विषाने भाजणं आहे. टूथपेस्ट, लिंबू, चुना यांनी सोललेली त्वचा आणखी भाजते, आणि हे मी कितीदा सांगितलं तरी कमीच. फोड फोडू नका, त्यातून जंतू शिरतात.

डोळ्यात गेलं तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. लाली रेघेबाहेर पसरत गेली, ताप आला किंवा घट्ट पू वाहू लागला, तरी थांबू नका.

एरवी आठवडा-दीड आठवड्यात खपली पडते. मागे राहणारा काळपट पट्टा कित्येक आठवडे टिकतो. तोवर त्या जागेला ऊन लागू देऊ नका, उन्हाने तो आणखी गडद होतो.